कॅन्सरचं निदान घरच्यांना पत्रातून कसं सांगावं: ब्रुनोच्या लिम्फोमाचं उदाहरण

'कॅन्सर' हा शब्द आपल्या तोंडून बाहेर पडला की पुढची दहा मिनिटं आपण भिंतीशी बोलत असतो. काका मान हलवतात, काकू कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहतात आणि दारातून बाहेर पडताना विचारतात, "मग पाच दिवसांचा कोर्स पुरेल ना, डॉक्टर?" अशा वेळी कुणाच्याच डोक्यात काही शिरत नाही. म्हणून तोंडी सांगून झालं की त्याच संध्याकाळी मी पत्र लिहितो. मराठीत, दोन पानांत, खाली सही करून. आणखी एक कारण आहे. निर्णय घेणारी निम्मी माणसं दवाखान्यात आलेलीच नसतात. मुलगी बंगळुरूला, मुलगा टोरांटोला. पत्राचा फोटो रात्रीच घरच्या ग्रुपवर जातो. त्यामुळे पत्र लिहिताना मी टेबलापलीकडे बसलेल्या काकांपेक्षा त्या मुलीचा जास्त विचार करतो. तिने ब्रुनोला गेल्या दिवाळीनंतर पाहिलेलं नाही आणि तिला सगळं पहिल्यापासून कळायला हवं असतं.

बीव्हीएस्सी करून नुकतेच प्रॅक्टिसला बसलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण एकच घेतो. ब्रुनो (नाव बदललं आहे), सात वर्षांचा लॅब्रेडॉर, वजन ३० किलो, निदान मल्टिसेंट्रिक लिम्फोमा, म्हणजे अंगभरच्या लसीका गाठींचा कॅन्सर. कुत्र्यांच्या कॅन्सरमध्ये केमोला इतका छान प्रतिसाद देणारे आजार थोडेच. त्यामुळेच याचं पत्र अवघड जातं. कुत्रा पंधरा दिवसांत पूर्ववत दिसू लागतो आणि तरीही बहुतेक वेळा शेवटी याच आजाराने जातो. या दोन्ही गोष्टी घरच्यांना एकदमच कळाव्या लागतात.

पायरी पहिली: लिहिण्याआधी निदान पक्कं करा

काकांना हे पट्टा बांधताना कळलं. पट्टा नेहमीच्या भोकात बसेना, म्हणून त्यांनी चाचपून पाहिलं तर जबड्याखाली लिंबाएवढ्या दोन गाठी. मी तपासलं तेव्हा खांद्यांपुढच्या आणि मागच्या गुडघ्यांमागच्या गाठीही मोठ्या लागल्या. कडक, हलणाऱ्या आणि न दुखणाऱ्या. ब्रुनो मात्र शेपटी हलवत टेबलावरचं वजनाचं कार्ड चाटत होता.

आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय गोचीडतापाचा घ्यायचा. एर्लिकियातही अंगभरच्या गाठी सुजतात, ताप येतो, प्लेटलेट्स घसरतात. पण किट पॉझिटिव्ह आली म्हणून लिम्फोमा नाही असं होत नाही. गोचिडांच्या मुलखातल्या कुत्र्यांत अँटिबॉडी जुन्या संसर्गाच्याही असू शकतात आणि दोन्ही आजार एकाच कुत्र्यात सुखाने नांदतात. म्हणून सुई घालून नमुना घ्यायचाच. तो जबड्याखालच्या गाठीतून घेऊ नका, कारण दातांवर किटण असलेल्या प्रत्येक कुत्र्याची ती गाठ थोडी सुजलेलीच असते आणि वाचणारा पॅथॉलॉजिस्ट गोंधळतो. गुडघ्यामागची किंवा खांद्यापुढची गाठ घ्या. ब्रुनोच्या स्लाइडवर मोठ्या, अपक्व लिम्फोसाइट्सची गर्दी होती. एक गाठ काढून बायोप्सी केली. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत पेशी बी-प्रकारच्या निघाल्या. टी-प्रकारचे कुत्रे साधारणपणे लवकर हातचे जातात, त्यामुळे हा प्रकार माहीत नसताना पत्रात आकडे लिहिणं म्हणजे अंदाजपंचे. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल होतं, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. सोनोग्राफीत प्लीहा मोठी आणि ठिपकेदार दिसली.

एक प्रश्न आठवणीने विचारा: आधी कुणी स्टेरॉइड दिलंय का? गाठी दिसल्या की प्रेड्निसोलोन सुरू करायची सवय फार पसरलेली आहे. चार दिवसांत गाठी बसतात आणि सगळे खूश होतात. पण त्यानंतर घेतलेला नमुना वाचता येत नाही. शिवाय काही आठवडे नुसतं स्टेरॉइड मिळालेल्या कुत्र्यात नंतरच्या केमोचा परिणाम कमी होतो आणि लवकर ओसरतो. दिलं असेल तर पत्रातले आकडे खाली आणा. कुणी दिलं यावर पत्रात एक शब्दही नको.

पायरी दुसरी: पहिल्या परिच्छेदात आजाराचं नाव

'गाठीचा आजार', 'रक्तातला दोष' असले मवाळ शब्द वापरू नका. गाठ म्हटलं की लोकांना ती कापून टाकता येते असं वाटतं. ब्रुनोच्या पत्राची सुरुवात अशी होती:

"आदरणीय काका-काकू, ब्रुनोला लिम्फोमा नावाचा कॅन्सर झाला आहे. हा शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे. या पेशी अंगभर फिरतात, त्यामुळे एखादी गाठ कापून तो काढून टाकता येत नाही. औषध अंगभर पोहोचवावं लागतं. तुमच्या खाऊ घालण्यामुळे, लस चुकल्यामुळे किंवा उशीर केल्यामुळे हा आजार झालेला नाही. तो तुम्हाला, नातवंडांना किंवा घरातल्या मांजरीला लागत नाही."

ही शेवटची दोन वाक्यं गाळू नका. काकूंनी मला पुढच्या भेटीत सांगितलं की त्या दोन रात्री एकाच विचाराने जाग्या होत्या: आपण त्याला पोळीला तूप लावून द्यायचो, त्यामुळे तर झालं नाही ना? पत्र मिळाल्यावर त्या झोपल्या.

स्टेजचंही इथेच लिहून टाकावं, कारण रिपोर्टवर 'स्टेज ४' छापलेलं असतं आणि टोरांटोचा मुलगा ते वाचतोच. माणसांत स्टेज चार म्हटलं की आशा संपली असा समज असतो. कुत्र्याच्या लिम्फोमात चौथी स्टेज म्हणजे यकृत किंवा प्लीहेपर्यंत पेशी पोहोचल्या आहेत, एवढंच. बरेच कुत्रे निदानाच्या वेळीच तिथे असतात. त्याहून जास्त फरक पडतो तो कुत्रा खातोय-पितोय की मलूल पडलाय याने. रिपोर्टात आकड्यापुढे 'ए' म्हणजे तब्येत बरी आणि 'बी' म्हणजे आजारी. मी लिहिलं: "ब्रुनोच्या रिपोर्टवर ४-ए आहे. चारने घाबरू नका. 'ए' आपल्या बाजूने आहे."

पायरी तिसरी: आकडे दहा कुत्र्यांत सांगा

माझी सगळ्यात मोठी चूक याच जागी झाली. सुरुवातीच्या वर्षांत एका लॅब्रेडॉरच्याच घरच्यांना मी लिहिलं होतं, "केमोला प्रतिसाद उत्तम असतो, सरासरी आयुष्य एक वर्ष." त्यांनी त्याचा अर्थ घेतला की वर्षभराची खात्री आहे. कुत्रा सातव्या महिन्यात गेला. ते बिल भरायला आले तेव्हा पत्र सोबत होतं आणि 'एक वर्ष' या शब्दांखाली रेघ मारलेली होती. काही बोलले नाहीत. मी लिहिलेला आकडा चूक नव्हता, पण तो त्यांना उमगेल असा लिहिलेला नव्हता.

आपण ज्याला मीडियन म्हणतो ते म्हणजे रांगेच्या मधोमध उभा असलेला कुत्रा. निम्मे त्याच्याआधी जातात, निम्मे त्याच्यानंतर. हे शब्दांत सांगून कुणाला कळत नाही, म्हणून मी कागदावर दहा टिंबं काढतो आणि शेजारी लिहितो:

"ब्रुनोसारखे दहा कुत्रे आहेत असं समजा. सगळ्यांना पूर्ण केमो दिली. साधारण आठ-नऊ जणांच्या गाठी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बसतील, बहुतेकांच्या पहिल्या काही आठवड्यांतच. एक-दोघांवर औषध चालणारच नाही. दहा ते बारा महिन्यांच्या सुमारास दहापैकी पाच हयात असतील. दोन वर्षांनी दोन. ब्रुनो यांतला कितवा, हे मला आज सांगता येत नाही. पहिल्या महिन्यानंतर थोडा जास्त अंदाज येईल."

आणि लगेच पुढचं वाक्य: "गाठी बसल्या म्हणजे आजार दबला, संपला नाही. बोटांना न लागणाऱ्या पेशी शिल्लक राहतात आणि बहुतेक कुत्र्यांत आजार परत डोकं वर काढतो." रेमिशनला 'बरा झाला' म्हणायचं नाही, हा माझा दवाखान्यातला नियमच आहे. रिसेप्शनवरच्या मुलीलाही तो सांगून ठेवलाय. डॉक्टरांनी तोलून-मापून लिहायचं आणि काउंटरवर "अरे वा, बरा झाला की ब्रुनो!" असं कुणी म्हणायचं, हे मी पाहिलेलं आहे.

पायरी चौथी: चारही रस्ते, 'काही न करणे' धरून

पर्याय लिहिताना महागड्यापासून स्वस्ताकडे उतरत जाऊ नका. वाचणाऱ्याला आपण पायरी-पायरीने नापास होतोय असं वाटतं. मी नेहमी काही न केल्यास काय होईल, तिथून सुरुवात करतो.

"काहीच औषध दिलं नाही तर ब्रुनोकडे साधारण चार ते सहा आठवडे आहेत. नुसत्या प्रेड्निसोलोनच्या गोळ्या दिल्या तर एक ते दोन महिने. त्याला भूक लागेल, बरं वाटेल, खर्च अगदी थोडा. मात्र ही गोळी आधी सुरू करून 'बघू, मग केमो करू' असा मधला मार्ग नाही. तीन-चार आठवड्यांनी विचार बदलला तर केमोचा परिणाम कमी मिळेल. त्यामुळे गोळी सुरू करायच्या आधी केमो हवी की नको, ते ठरवा. हवी असल्यास या आठवड्यात कळवा.

"तिसरा रस्ता म्हणजे डॉक्सोरुबिसिन हे एकच औषध, तीन आठवड्यांतून एकदा, पाच वेळा. दहापैकी सहा-सात कुत्र्यांत आजार दबतो आणि निम्मे कुत्रे सहा ते आठ महिन्यांपुढे जातात. फेऱ्या कमी. चौथा रस्ता म्हणजे चार औषधांची पूर्ण केमो: १९ आठवड्यांत १६ इंजेक्शनच्या भेटी, सुरुवातीचे चार आठवडे सोबत गोळ्या. वर दिलेली दहा कुत्र्यांची गोष्ट याच उपचाराची आहे."

खर्च रुपयांत लिहा. 'बराच येतो' असं मोघम लिहू नका. व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड ही माणसांची जेनेरिक औषधं आहेत, बाटल्या काही फार महाग नसतात. पैसा जातो दर फेरीच्या रक्ततपासणीत, कॅन्युला-सलाईनमध्ये आणि मधेच अॅडमिट करावं लागलं तर त्यात. ब्रुनोच्या पत्रात मी आमच्या दवाखान्याचा हिशोब ६० ते ९० हजार लिहिला होता आणि त्याखाली, "गुंतागुंत झाली तर यात १५-२० हजारांची भर पडू शकते." तुमच्या गावचा, तुमच्या दवाखान्याचा आकडा तुम्ही काढा. वरची मर्यादा लिहायला लाजू नका. आठव्या आठवड्यात पैसे संपून अर्धवट सुटलेल्या केमोपेक्षा पहिल्या दिवशी ठरवलेल्या गोळ्या बऱ्या.

काकांनी पत्र वाचून फोन केला आणि विचारलं, "तुमचा कुत्रा असता तर?" हा प्रश्न तुम्हालाही येणार. मी उत्तर देतो, पण कारणासकट आणि फोनवरच. पत्रात लिहीत नाही. लेखी उत्तर हुकूम वाटतं.

पायरी पाचवी: घरी काय पाहायचं

माणसांची केमो पाहिलेलं घर असेल तर भीती वेगळी असते. काकूंच्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढे उलट्या आणि टक्कल. कुत्र्यांना औषध त्या मानाने कमी मात्रेत देतात, कारण आपण आजार मुळासकट उपटायला निघालेले नसतो, चांगले महिने मिळवायला निघालेले असतो. लॅब्रेडॉरचे केस फारसे गळत नाहीत, मिशा मात्र झडू शकतात. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जाती बोडक्या होतात. हे सांगून मग मी फक्त लक्षात राहतील एवढ्याच गोष्टी लिहितो:

"इंजेक्शननंतर दोन-चार दिवस भूक मंदावेल, एखाद-दुसरी उलटी किंवा जुलाब होतील. दिलेल्या गोळ्या द्या, दहीभात द्या. दिवसभरात तीनपेक्षा जास्त उलट्या झाल्या किंवा २४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा.

"पाचव्या ते दहाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात. या दिवसांत तो गप्प पडून राहिला तर गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचा नॉर्मल ताप १०१ ते १०२.५ असतो, हात लावून कळत नाही. १०३ किंवा जास्त असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. सकाळची वाट पाहू नका. घरातली क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका. ती कुत्र्याला घातक ठरू शकते आणि ताप झाकला जातो.

"सायक्लोफॉस्फामाइड सकाळी दिलं जाईल. त्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या. लघवी लाल झाली किंवा सारखी थेंब-थेंब होऊ लागली तर कळवा. डॉक्सोरुबिसिन मुळातच लाल रंगाचं आहे. त्याच्या नंतर एखादा दिवस लघवी लालसर दिसली तर ते औषध असू शकतं, तरी फोन करून विचारा.

"इंजेक्शननंतर तीन दिवस त्याची शी-शू, उलटी हातमोजे घालून उचला. सूनबाईंना दिवस गेले आहेत, त्यांनी हे काम करू नये आणि गोळ्यांना हात लावू नये."

सूनबाईंचं कसं कळलं? विचारलं म्हणून. घरात लहान मूल, गरोदर बाई, आजारी आजोबा कोण आहे, हे पत्राआधी विचारून घ्या. डॉक्सोरुबिसिन आधी हृदयाची सोनोग्राफी का आणि तपासणीत पेशी कमी आल्या तर इंजेक्शन आठवडाभर पुढे का ढकलतो, हेही एका ओळीत टाका. नाहीतर "आज दिलंच नाही, नुसतं रक्त काढून पाठवलं" अशी तक्रार ठरलेली.

पायरी सहावी: परतणं आणि थांबणं, पहिल्याच पत्रात

हा भाग पुढच्या पत्रासाठी ठेवावासा वाटतो. ठेवू नका. कुत्रा खेळत असताना घरचे शांतपणे वाचतात. गाठी परतल्यावर वाचताना हात थरथरतात.

"केमो संपल्यावर दर महिन्याला दाखवायला आणा. घरी दर रविवारी जबड्याखाली आणि गुडघ्यामागे चाचपून पाहा, आज दाखवलं तसं. वाटाण्याहून मोठं काही लागलं तर आणा. आजार परतला तर दुसऱ्यांदा उपचार करता येतो, पण तो आधीइतका वेळ देत नाही. ब्रुनोला ज्या तीन गोष्टी सगळ्यात आवडतात त्या आज इथे लिहून ठेवा. त्यांतल्या दोन त्याने सोडल्या की मला बोलवा. दयामरणाचं त्या दिवशी बोलू. घरी येऊनही करता येतं."

खाली मी तीन रिकाम्या ओळी सोडल्या होत्या. काकांनी बॉलपेनने लिहून आणलं: गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत धावणं, काकडी, आणि नातवाच्या पलंगाखाली झोपणं.

ब्रुनोच्या गाठी दुसऱ्या आठवड्यातच बसल्या. सातव्या आठवड्यात पांढऱ्या पेशी घसरल्या, एक फेरी आठवडाभर पुढे ढकलली. बाकी १६ भेटी बिनबोभाट पार पडल्या. निदानानंतर दहाव्या महिन्यात रविवारच्या तपासणीत काकूंना उजव्या गुडघ्यामागे गाठ लागली. तेव्हा मी दुसरं पत्र लिहिलं, अर्ध्या पानाचं. त्यात पुन्हा तीच केमो, लोमुस्टिनच्या गोळ्या किंवा नुसतं प्रेड्निसोलोन, असे तीन रस्ते आणि प्रत्येकापुढे आता किती महिने नाही तर किती आठवडे, ते लिहिलं. त्यांनी प्रेड्निसोलोन घेतलं. पाच आठवडे तो फाटकापर्यंत धावला. सहाव्या आठवड्यात काकडी खाल्ली नाही, फाटकाकडे गेला नाही, आणि काकांनी फोन केला.